सांगण्याआधी सांगायच्या चार गोष्टी

गेल्या दिवाळीत मी बाबांसाठी एक वॉकथ्रू लिहिला. वॉकथ्रू म्हणजे एखादा कॉम्प्युटर गेम कसा पार करायचा याची पायरीपायरीनं लिहून दिलेली वाट. गेम जुनाच, 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. तळघरात कोंडलेला पांढऱ्या कपड्यांतला राजपुत्र, साठ मिनिटांची मुदत, बारा पातळ्या आणि शेवटी वजीर जाफर. जॉर्डन मेकनरनं तो ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी लिहिला, तो १९८९मध्ये बाजारात आला आणि पुढच्याच वर्षी डॉसवर आला. आमच्या घरी तो पोचला २००६च्या आसपास. शेजारच्या दादानं फ्लॉपीवर आणून दिला होता आणि आम्ही तो सेकंडहँड पीसीवर, विंडोज ९८मधून डॉस मोडमध्ये जाऊन खेळायचो. मी नऊ वर्षांचा होतो. बाबा पतसंस्थेतून आले की जेवण होईपर्यंत खेळायचे, जेवणानंतर मी.

आता बाबा निवृत्त झालेत. दिवाळीच्या आधी फोनवर म्हणाले, "अरे, तो प्रिन्स अजून मिळतो का? त्या सावलीपर्यंत थेट पोचता येईल असं काहीतरी कर. एवढ्या उड्या आता माझ्या बोटांना जमायच्या नाहीत."

मजकूर लिहायला दोन रात्री लागल्या. अडलो ते डोक्यावर. नव्वदीच्या दशकापासून अशा मार्गदर्शिका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहिल्या जातात आणि त्यांचा माथा ठरलेला असतो. गेमची आवृत्ती कोणती, मार्गदर्शिकेची स्वतःची आवृत्ती कोणती, लिहिणारा कोणत्या यंत्रावर खेळला, पातळ्यांची नावं, आणि 'पुढे रहस्य फुटेल' अशी सूचना. लहानपणी मी हे सगळं न वाचता थेट खाली जायचो. या खेपेला ते स्वतः लिहायची वेळ आली, आणि लक्षात आलं की दुसऱ्याला काही सांगताना आपण त्याचं काय देणं लागतो, याचाच हिशेब तिथे मांडलेला असतो. मी तो आधी मांडला नाही, म्हणून माझ्या वॉकथ्रूची पहिली आवृत्ती फसली.

पहिली आवृत्ती म्हणजे खरं तर फोनवर सांगितलेलं एक वाक्य. "बाबा, नुसतं prince टाकू नका, पुढे megahit लिहा. मग शिफ्ट आणि एल दाबलं की पुढची पातळी." ही ओळ मला पाढ्यासारखी पाठ होती. आमच्या जुन्या फ्लॉपीवर ती चालायची.

तीन दिवसांनी बाबांचा फोन आला. आवाज ओशाळलेला. "चौथ्या पातळीपर्यंत गेलो बघ. पुढे जाईना. वेळही एकदम पंधरा मिनिटांवर आला. मीच काहीतरी चुकीचं दाबतोय." तीन संध्याकाळी ते हेच करत बसले होते. स्पेलिंग चुकलं असेल, कळ नीट दाबली जात नसेल, कीबोर्ड खराब असेल, असं एकेक करून पाहत होते.

बाबांचं काहीच चुकलेलं नव्हतं. डॉससाठी या गेमच्या एकाहून अधिक आवृत्त्या निघाल्या. आमची जुनी फ्लॉपी १.० होती. मी या वेळी त्यांना पाठवलेली प्रत १.४ होती, आणि मधल्या काळात परवलीचा शब्द बदलला होता.

```
prince megahit
prince improved
```

वरची ओळ १.०साठी, खालची १.३ आणि १.४साठी. गंमत अशी की १.४मध्ये जुना शब्द लिहिला तर गेम तक्रार करत नाही. न कळलेला शब्द गिळून टाकतो आणि नेहमीसारखा सुरू होतो. शिफ्ट-एल हे परवलीच्या शब्दाशिवायही थोडं चालतं, पण फक्त चौथ्या पातळीपर्यंत. शिवाय त्याची शिक्षा म्हणून उरलेला वेळ पंधरा मिनिटांवर आणला जातो. म्हणजे बाबांना दिसलं ते अर्धवट यश. साफ अपयश आलं असतं तर त्यांनी लगेच मला विचारलं असतं. अर्धवट यशानं त्यांना स्वतःवर शंका घ्यायला लावलं.

गेम चालू असताना कंट्रोल आणि व्ही दाबलं की पडद्याच्या तळाशी आवृत्तीचा आकडा येतो. मी फोनवरच दाबायला सांगितलं, १.४ दिसलं, दोन मिनिटांत प्रश्न मिटला. माझ्या मनातून मात्र तो ओशाळलेला आवाज गेला नाही. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. कोणत्या आवृत्तीवर काय चालतं हे न लिहिता सहकाऱ्याला काही दिलं, तर ऑफिसमध्ये मला कोणीतरी सुनावेल. वडिलांना सल्ला देताना मात्र ते माझ्या मनातही आलं नाही, कारण तिथे मी 'मला माहीत आहे' या थाटात होतो. आवृत्ती न सांगितलेला सल्ला चुकला की दोष सल्ल्याला लागत नाही, ऐकणाऱ्याला लागतो. सल्ला देणारा जितका जवळचा आणि जितका जाणकार, तितका ऐकणारा स्वतःला जास्त दोष देतो. म्हणून आवृत्तीचा आकडा लिहिणं म्हणजे वाचणाऱ्याच्या हाती आपल्याला चूक ठरवायचं साधन देणं. 'हे मी १.०वर पाहिलंय, तुमच्याकडे दुसरं काही असेल तर कदाचित मी चुकीचा आहे, तुम्ही नाही,' एवढं सगळं त्या एका आकड्यात असतं.

मार्गदर्शिकेच्या स्वतःच्या आवृत्तीचंही तसंच. वरती ०.७ लिहिलेलं दिसलं की समजायचं, या माणसाचं अजून पूर्ण झालेलं नाही आणि तो ते लपवत नाही. त्याखाली काय कधी दुरुस्त केलं याची यादी असते. आपण माणसं एकमेकांना आयुष्यभर सल्ले देतो, पण 'मागच्या वर्षी मी तुला जे सांगितलं त्यातली तिसरी ओळ चुकीची होती' असं किती जणांनी म्हटल्याचं तुम्हाला आठवतं?

दुसरी ओळ यंत्राची. ती मला सगळ्यात क्षुल्लक वाटत होती. गेम तोच, कळा त्याच, मग कशावर खेळलो याला काय महत्त्व? मी लिहिलं होतं, 'शिपाई समोर आला की शिफ्ट दाबून वार करा, भराभर करा.' दुसऱ्या दिवशी बाबांचा प्रश्न आला. "लढाई ऐन रंगात आली की एक खिडकी येते आणि हो की नाही विचारते. मी हो म्हणतो, तर राजपुत्र भलतंच काहीतरी करतो. आणि तोवर मेलेला असतो."

विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की 'स्टिकी कीज' सुरू करायची का, असं विचारलं जातं. ज्यांना दोन कळा एकदम दाबता येत नाहीत त्यांच्यासाठी ती सोय आहे. एकदा दाबलेली शिफ्ट पुढची कळ दाबेपर्यंत धरून ठेवली जाते. मूळ डॉसमध्ये असं काही नव्हतं, म्हणून माझ्या आठवणीतल्या लढाईत ती खिडकी नव्हती. बाबांच्या लॅपटॉपवर डॉसची नक्कल विंडोजच्या पोटात चालत होती. सेटिंगमधून ती खिडकी बंद केली आणि यंत्राच्या ओळीत तसं लिहिलं. मग आणखी एक वाक्य घातलं: 'लिहिणाऱ्यानं हा गेम नऊ वर्षांच्या बोटांनी खेळलेला आहे.' कारण 'भराभर करा' हा सल्ला त्या बोटांचा होता. लॅपटॉपवर वरचा आणि खालचा बाण अर्ध्या उंचीचे असतात. त्यावर साठीच्या माणसाला भराभर काही करता येत नाही आणि करायची गरजही नसते. वरचा बाण वेळेवर दाबून समोरचा वार अडवला आणि मग एकच वार केला, तर बहुतेक शिपाई पडतात. मी हे लहानपणी कधी केलंच नव्हतं, कारण मला लागलं नव्हतं.

यंत्र ही बाहेरची गोष्ट नाही याचा याच गेममध्ये एक सुंदर दाखला आहे. मेकनरच्या ॲपल टूची मेमरी भरत आली होती. राजपुत्राच्या हालचालींच्या चित्रांनीच ती खाल्लेली, नव्या शत्रूची चित्रं ठेवायला जागा नव्हती. मग त्यानं राजपुत्राचंच चित्र एक ठिपका सरकवून त्याच्याच चित्राशी एक्सॉर केलं. एक्सॉर म्हणजे दोन ठिपके सारखे असतील तर शून्य, वेगळे असतील तर एक. त्यातून उरली एक चमकती, पोकळ बाह्याकृती. नवीन चित्रं न काढता दुसरं पात्र उभं राहिलं: राजपुत्राची सावली. गेममधली सगळ्यात खोल कल्पना यंत्राच्या तुटवड्यातून आली. बाबांना पुन्हा गाठायची होती ती हीच.

तिसरी ओळ पातळ्यांच्या नावांची. 'प्रिन्स'मध्ये पातळ्यांना नावं नाहीत, फक्त आकडे आहेत. आकडे पुरतील असं वाटतं, पण पुरत नाहीत. १९९२मध्ये आलेल्या सुपर फॅमिकॉमच्या आवृत्तीत मुदत १२० मिनिटांची आणि पातळ्या वीस. तिथला 'बारा' म्हणजे आपला 'बारा' नव्हे. डॉसवरही जाफरशी लढाई आतल्या हिशेबात तेरावी पातळी आहे, पडद्यावर मात्र बाराच असते. म्हणून नाव हवं. मी झपाट्यानं नावं दिली: चौथी 'आरशाची', आठवी 'उंदराची', बारावी 'सावलीची'. वाचून पाहिलं आणि खोडली. गेम माहीत असणाऱ्याला ही नावं चपखल वाटतील. पण चौथ्या पातळीत दार उघडून परत फिरलं की आधी मोकळ्या असलेल्या वाटेत अचानक आरसा उभा असतो, हा त्या पातळीचा सगळा धक्का. अनुक्रमणिकेनंच तो घालवला असता.

नाव ठेवणारा नेहमी शेवट माहीत असलेला असतो, ही इथली अडचण. आपण अनुभवाला त्याच्या निकालावरून नाव देतो, आणि ते नाव ज्याच्या हाती देतो तो अजून दारात उभा असतो. शेवटी मी नियम केला की दारातून आत शिरल्याबरोबर जे दिसतं तेवढ्यावरूनच नाव द्यायचं. चौथी 'पहिला राजवाडा', कारण तिथे दगडी तळघर संपून नक्षीचे खांब सुरू होतात. सातवी 'पुन्हा तळघर'. बारावी 'शेवटचं तळघर'. नावं रुक्ष झाली, पण ती खेळणाऱ्याच्या जागेवरून दिलेली आहेत, माझ्या जागेवरून नाहीत.

आता चौथी ओळ. तिच्यासाठी मला २००६मध्ये परत जायला हवं.

बाबा तेव्हा बाराव्या पातळीवर अडकले होते. तिथे सावली तलवार उपसून समोर येते. तिला वार केला की तिचा एक जीव कमी होतो, आणि त्याच क्षणी आपलाही. तिला मारलं की आपण मरतो. बाबा चारपाच दिवस मरत होते. जेवतानाही त्याबद्दल बोलायचे. "तिला लागतं ते मलाच लागतंय," असं एकदा म्हणाले आणि घास हातात धरून थांबले. मला उत्तर शेजारच्या दादाच्या वहीतून कळलेलं होतं. मी लगेच म्हणालो, "बाबा, खालचा बाण दाबून तलवार म्यान करायची. तीपण करते. मग तिच्या अंगावर चालत जायचं, दोघं एक होतात." तुम्ही हा गेम खेळला नसाल तर आता तुमचंही रहस्य मी फोडलंय. सूचना न देता. तेव्हाही दिली नव्हती.

बाबांनी त्याच रात्री गेम संपवला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि त्यानंतर तो कधी उघडला नाही.

यावर एक आक्षेप मला माहीत आहे. २०११मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या संशोधकांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या. शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना त्या कथा सरासरीनं जास्त आवडल्या. मग रहस्य फुटलं म्हणून एवढं काय बिघडतं? कथेपुरतं हे मला पटतं. कथेचा शेवट लेखकानं लावलेला असतो, तो आधी कळला तरी वाचकाच्या वाट्याचं काम तेवढंच राहतं. बाराव्या पातळीचं उत्तर मात्र खेळणाऱ्यानं स्वतः काढायचं असतं. सी. थी न्युएन या तत्त्वज्ञानं खेळांबद्दल एक उपयोगी फरक केला आहे. खेळात आपलं लक्ष्य जिंकणं असतं, पण आपण खेळतो त्याचा हेतू बहुतेक वेळा धडपड हा असतो. मी बाबांना लक्ष्य दिलं आणि हेतू काढून घेतला. त्यांनी मागितलं नव्हतं हे तर आहेच. पण मागितलं असतं तरी काय मागतोय हे त्यांना कळलं असतं का? जे हरवणार ते काय आहे हे कळायला ते आधी माहीत हवं, आणि माहीत झालं की ते हरवलेलंच असतं. रहस्यभेदाची सूचना या कोड्याला अपुरं उत्तर आहे, पण दुसरं उत्तर नाही.

अपुरं अशासाठी की सूचनाही बोलते. बाराव्या पातळीवर 'सावधान, पुढे रहस्य' लिहिलं की वाचणारा ओळखतो, इथे साधी लढाई नाही. आमच्या कामात याच्यासारखी एक चूक होते. पासवर्ड तपासणारा कोड पहिलं चुकलेलं अक्षर सापडताच थांबला, तर उत्तराला लागलेल्या वेळावरूनच किती अक्षरं बरोबर होती हे बाहेरच्याला कळतं. उपाय असा की बरोबर असो वा चूक, वेळ सारखाच लावायचा. मीही तेच केलं. बाराही पातळ्यांना एकसारखी सूचना, एकसारख्या तीन पायऱ्या. पहिल्या पायरीत फक्त कुठे पाहायचं ते, दुसरीत काय करून पाहायचं ते, तिसरीत उत्तर. जिथे काहीच रहस्य नाही तिथेही तेवढ्याच ओळी. बाराव्याची पहिली पायरी अशी आहे: 'वार लागला की खाली दोन्ही बाजूंचे त्रिकोण पाहा.' तिथे डावीकडे आपले जीव दिसतात, उजवीकडे समोरच्याचे.

आवृत्ती, यंत्र आणि नावं या तिन्हींतल्या चुका मी दुरुस्त करू शकलो. १.१ काढली, तीन ओळी बदलल्या, संपलं. चौथीतली चूक दुरुस्त होत नाही. खोटं सांगितलेलं मागे घेता येतं, पण खरं असलेलं वेळेआधी सांगितलं तर ते मागे घ्यायला कुठली आवृत्ती काढणार? सत्य सांगणं नेहमीच देणं असतं असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो. ते कधीकधी घेणंही असतं, आणि घेणाऱ्याला ते परत करता येत नाही.

improvedचा शब्द मिळाल्यावर बाबा शिफ्ट-एल दाबत बाराव्या पातळीला पोचले. मी आठवड्यानं विचारलं, झालं का? म्हणाले, "सावलीशी लढलो. मेलो. परत लढलो. माहीत नसल्यासारखं खेळून बघितलं, जमत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "मला ते सुचलं असतं की नाही, हे आता कळायचं नाही." तक्रारीचा सूर नव्हता. हवामानाबद्दल बोलावं तसं बोलले.

दिवाळीच्या सुट्टीत ताईची मुलगी तिकडे होती. दहा वर्षांची आहे. परवलीचा शब्द न वापरता, पहिल्या पातळीपासून खेळत होती. चौथ्या पातळीत आरसा समोर उभा राहिला तेव्हा बाबा तिच्या शेजारीच बसलेले. धावत येऊन आरशात उडी मारायची असते. ती हळूहळू चालत गेली, अडली, परत फिरली, पुन्हा अडली. ताई सांगत होती की बाबा उठून स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. पाऊण तासानं आतून किंचाळल्याचा आवाज आला, तेव्हा आले.

वॉकथ्रूचा माथा आता असा आहे. गेम: प्रिन्स ऑफ पर्शिया, डॉस, १.४, कंट्रोल-व्ही दाबून खात्री करा. यंत्र: विंडोजवरची डॉसची नक्कल, स्टिकी कीज बंद. पातळ्यांची नावं दारातून दिसतं त्यावरून. प्रत्येक पातळीला तीन पायऱ्या, खालची उघडण्याआधी एक संध्याकाळ जाऊ द्या. मार्गदर्शिकेची आवृत्ती १.२. बदल: बाराव्या पातळीची तिसरी पायरी या फाईलमधून काढली आहे. ती आजोबांकडे आहे, पण ते स्वतःहून सांगणार नाहीत.